म्हातारा बैल कुणाच्या दावणीला?

कंधार तालुक्याच्या अंगाला चार एकर जिरायत असलेलं एक घर आहे. घरात आबा, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. दावणीला लाल कंधारी बैलांची जोडी. त्यातला एक सात वर्षांचा, ऐन उमेदीतला. दुसरा पंधरा वर्षांचा. यंदा मृगाच्या तोंडावर वखर धरला तेव्हा म्हातारा दुसऱ्या फेऱ्यालाच तासात बसला. उठवला, चार पावलं चालला, पुन्हा बसला. त्या संध्याकाळी ओट्यावर जी चर्चा सुरू झाली ती पुढे दोन महिने चालली. ती चर्चा इथे मांडतो आहे, कारण २०१५ मध्ये बैलाच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून महाराष्ट्रातल्या हजारो ओट्यांवर ती होते आहे, आणि ज्यांनी कायदा केला त्यांच्या कानावर ती कधी जात नाही.

बैल एका दिवसात म्हातारा होत नाही, आणि शेतकऱ्यालाही ते एका दिवसात कळत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी बैल जुळतो, म्हणजे पुढचे आठही दात येतात. तिथून आठ-नऊ वर्षं त्याच्या खऱ्या कामाची. मग हळूहळू त्याचं काम हलकं केलं जातं. आधी नांगर सुटतो, मग वखर जड जातो, मग तो फक्त कोळप्याला आणि गाडीला उरतो. या घरातल्या म्हाताऱ्याचा नांगर तीन वर्षांपूर्वीच सुटला होता. शेवटची खूण मात्र शेतात नाही, गव्हाणीत दिसली. सुनेच्या लक्षात आलं की कडबा खाताना तो घास चघळतो आणि न गिळताच ओला गोळा खाली टाकतो. तोंड उघडून पाहिलं तर पुढचे दात झिजून हिरड्यांच्या बरोबरीला आलेले, दाढांचीही तीच गत. पोट खपाटीला गेलं होतं ते वैरण कमी पडली म्हणून नव्हे, वैरण चावता येत नव्हती म्हणून. तेव्हापासून त्याचा कडबा वेगळा कुट्टी करून, भिजवून, वर मूठभर पेंड टाकून द्यावा लागतो. हे काम सुनेचं. म्हाताऱ्या बैलाच्या हिशेबात हे काम कुणी धरत नाही.

पहिली सूचना मुलाची होती, बाजाराची. २०१५ च्या आधी हाच रिवाज होता. बैल थकला की बाजारात न्यायचा, हेड्या यायचा, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. त्या पैशात पदरचे घालून नवं गोऱ्हं यायचं. तो बैल पुढे कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कुणी त्यावर बोलायचं नाही. हा रिवाज मी गोड करून सांगत नाही. बैल विकून आलेल्या दिवशी घरात चूल पेटायची नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. पण म्हाताऱ्या बैलाला किंमत होती आणि ती किंमत पुढच्या बैलाच्या खरेदीत जायची. बैलावरची शेती या साखळीवर उभी होती.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगायला हवा. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम १९७६ चा. त्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती. बैलाच्या बाबतीत मात्र, तो ओढकामाच्या किंवा पैदाशीच्या उपयोगाचा उरलेला नाही असा दाखला सक्षम अधिकाऱ्याने दिला तर परवानगी मिळायची. १९९५ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती करून वळू आणि बैलही बंदीत आणले. त्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती थेट २०१५ मध्ये. आता कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय, कत्तल होणार आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला जागा असताना जनावर विकणं हाही गुन्हा आहे. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगण्यावरची बंदी आणि आरोपीनेच आपलं निर्दोषत्व सिद्ध करावं हे कलम, एवढं न्यायालयाने रद्द केलं.

‘तसं मानायला जागा असताना’ हे शब्द शेतकऱ्याच्या बाजूने वाचून पाहा. पंधरा वर्षांचा, दात झिजलेला बैल बाजारात कोण आणि कशासाठी घेणार? नांगराला कुणी घेणार नाही. म्हणजे विकणाऱ्याला ‘मानायला जागा’ आहेच. आबांचा मुलगा बाजारात नुसती चौकशी करायला गेला होता. उजेडात कुणी बोलायला तयार झालं नाही. परत येताना एक जण गाडीजवळ आला, ‘रात्री येऊन घेऊन जातो’ म्हणाला आणि भाव असा सांगितला की त्यात नव्या गोऱ्ह्याचा कासराही आला नसता. भाव पडला तो बैलाचा नव्हे, जोखमीचा होता. रस्त्यात गाडी अडवली जाण्याची, जनावर जप्त होण्याची, मारहाणीची सगळी जोखीम त्या भावातून आधीच वजा झाली होती. आबांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, “रात्री नेणाऱ्याच्या हातात मी दावं देणार नाही.” तो विषय तिथेच संपला. बंदीने बैल वाचावा ही ज्यांची इच्छा आहे त्यांनी याचीही नोंद घ्यावी: आबांचा बैल वाचला तो आबांमुळे. त्याच गावात रात्री दावं सोडून देणारेही आहेत, आणि त्या बैलाचा प्रवास पूर्वीपेक्षा जास्त लांबचा, जास्त दाटीवाटीचा आणि जास्त हालाचा होतो.

दुसरी सूचना गोशाळेची. चाळीस किलोमीटरवरच्या एका गोशाळेत आबा स्वतः जाऊन आले. तिथली माणसं भली होती. पण शेड भरलेली, आणि त्यांनी बैल घ्यायचा तर वर्षभराच्या चाऱ्याचे पैसे आगाऊ मागितले. त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. दूध न देणारं, काम न करणारं जनावर सांभाळायला चारा लागतोच. पण ज्याच्याकडे वर्षभराचा चारा देण्याची ऐपत आहे तो बैल घरीच ठेवेल ना! त्यात टेम्पोवाला म्हणाला, “म्हातारा बैल घालून मी हायवेला येत नाही, कागद दाखवले तरी आधी मार बसतो, मग कागद वाचतात.” गोशाळेकडे नेतानाही बैल गाडीत दिसणं हाच संशय झाला आहे.

तिसरा मार्ग कुणी बोलून दाखवला नाही, पण प्रत्येक घरात तो मनात येऊन जातो. दावं सोडायचं आणि लांबच्या शिवारात हाकलून द्यायचं. असे बैल रात्री महामार्गाच्या डांबरावर बसलेले दिसतात, दिवसा कुणाच्या तरी तुरीत शिरतात आणि त्या शेतकऱ्याच्या काठ्या खातात. म्हणजे एका गरिबाचं ओझं दुसऱ्या गरिबाच्या पिकावर.

उरला चौथा मार्ग: ठेवायचा. मुलगा आणि सून वहीत हिशेब मांडून बसले.

काम न करणाऱ्या साडेतीनशे किलोच्या बैलाला दिवसाला सहा-सात किलो सुका चारा लागतो. वर्षाचे होतात सव्वादोन ते अडीच टन. जिरायत ज्वारीचा एक एकर बऱ्या वर्षी दीड-दोन टन कडबा देतो. म्हणजे एक एकराचा सगळा कडबा आणि वर काही विकतचा. घरच्या कडब्याला पैसे पडत नाहीत असं शहरातला माणूस म्हणेल, पण तो विकला असता तर पैसे आले असते. किलोला आठ रुपये धरले तरी वर्षाचे अठरा-वीस हजार झाले. पेंड, मीठ, खुराचं नि जखमांचं औषध वेगळं. दुष्काळात कडब्याचा भाव दुप्पट होतो आणि बैलाची भूक तेवढीच राहते. समोरच्या बाजूला शेण. दिवसाला दहाएक किलो ओलं शेण धरलं तर ते कुजून, आटून वर्षाला शेणखताची जेमतेम एक ट्रॉली होते. चार-पाच हजारांची. गोमूत्र विकत घेणारं गावात कुणी नाही.

शेणाचा मुद्दा मी मुद्दाम घेतला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातची अशीच बंदी वैध ठरवली, तेव्हा शेण आणि गोमूत्राची उपयुक्तता हा निकालाचा एक मोठा आधार होता. त्याआधी १९५८ मध्ये त्याच न्यायालयाने बिहारच्या खटल्यात, निकामी झालेल्या बैलांच्या कत्तलीवर सरसकट बंदी घालणं वाजवी नाही, असं म्हटलं होतं. मधल्या काळात खताचं महत्त्व वाढलं हे खरं आहे. शेणखताशिवाय माळरानाची जमीन दगड होते, हेही मला मान्य आहे. पण बैल निरुपयोगी नाही हे एक म्हणणं, आणि बैल स्वतःचा खर्च स्वतः भागवतो हे दुसरं. पहिलं खरं असून दुसरं खोटं असू शकतं. वहीतला फरक वर्षाला पंधरा हजारांच्या घरात आहे. बैल अठरा-वीस वर्षं जगतो. म्हणजे हा पंधरा हजारांचा खड्डा तीन, चार, कदाचित पाच वर्षं भरायचा, आणि तोही घरात नगदी पीक म्हणून फक्त सोयाबीन असताना.

शेवटच्या महिन्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण गोरक्षणाच्या भाषणांत ते येत नाहीत. म्हातारा बैल एके दिवशी बसतो तो पुन्हा आपल्या पायांनी उठत नाही. मग त्याला चार माणसांनी पोत्याची झोळी करून उठवायचं, नाहीतर दिवसातून चार-पाचदा कूस बदलायची, अंगाखाली मऊ पाचट टाकत राहायचं. कूस बदलली नाही तर मांडीला आणि बरगडीला जखमा होतात, पावसाळ्यात त्यांत अळ्या पडतात. ज्या घरात दोनच कर्ती माणसं आहेत आणि ती दोघंही रोजाने जातात, तिथे हे कोण करणार?

सुनेनं सासऱ्यांना हेच विचारलं. “मामा, मला त्याची माया नाही असं समजू नका. पण त्याला पाणी मी पाजते, शेण मी काढते. उद्या तो पडला तर त्याला उठवायला कोण येणार, तेवढं सांगा.” आबा बराच वेळ गप्प होते. मग मुलाकडे बघून म्हणाले, “तुझं लगीन ह्याच्या जिवावर लागलं. दोन एकर गहाण होती ती ह्यानं सोडवली. मी आहे तोवर तो ह्याच दावणीला राहील.”

आणि तो राहिला. आता त्या घराने पुढे काय केलं ते ऐका, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. एका बैलाने वखर चालत नाही. म्हाताऱ्याच्या जागी नवा जोडीदार आणायला पैसे नव्हते, कारण म्हाताऱ्याचे काहीच आले नव्हते. पहिला हंगाम शेजाऱ्याच्या एका बैलाशी वारंगुळा करून, म्हणजे दोघांचे बैल एकत्र जुंपून आळीपाळीने काढला. पण शेजाऱ्याची पेरणी आधी, यांची नंतर, आणि मध्ये वाफसा गेला. दोन बैलांची वैरण घालायची आणि कामाला ट्रॅक्टरही भाड्याने आणायचा, हे परवडेना. मग त्यांनी विकता येण्यासारखं जे होतं ते विकलं. सात वर्षांचा, धडधाकट, खांद्याला चांगला बैल बाजारात उभा केला. तो दिवसाढवळ्या, पावतीवर, चांगल्या भावाने एका शेतकऱ्याला गेला. म्हातारा ठेवला म्हणून तरणा विकावा लागला. आज त्या दावणीला एकच बैल आहे, जो ओढू शकत नाही, आणि शेत ट्रॅक्टरवर आहे. तो गेल्यावर त्या घरात पुन्हा बैल येणार नाही. मुलानं ते स्पष्ट सांगितलं आहे.

बैल कमी होण्याला बंदी हेच कारण आहे असं मी म्हणणार नाही. ट्रॅक्टर, तुकड्यांची शेती, गायरानं संपणं, गुरं राखायला माणूस न मिळणं ही कारणं जुनी आणि मोठी आहेत. देशाच्या पशुगणनेत २०१२ ला गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते, २०१९ ला ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. त्याच काळात माद्या वाढल्या. हे एका राज्यातल्या एका कायद्याने झालेलं नाही. पण ज्याला अजून बैल ठेवायचा आहे त्याच्यासाठी बंदीने हिशेब आणखी अवघड केला, हे त्या वहीत स्वच्छ दिसतं. बैल घेताना शेतकरी आता केवळ खरेदीची किंमत मोजत नाही. शेवटच्या चार-पाच वर्षांचा न भरून येणारा खर्चही त्याला दिसत असतो. सरकारचंही धोरण त्याच दिशेला आहे. लिंग वर्गीकृत रेतमात्रा अनुदानावर दिल्या जातात, त्यातून जवळपास नव्वद टक्के कालवडीच होतात. दुधाच्या दृष्टीने ते योग्यच. पण मग जे बैल जन्माला आले, राबले आणि थकले, त्यांची जबाबदारी कुणाची याचं उत्तर त्याच सरकारने द्यायला हवं.

कुणी म्हणेल, जन्मभर राबलेल्या जनावराला शेवटी पोसणं हे त्या घराचं कर्तव्य आहे, त्याचे पैसे कसले मागता? मला हे म्हणणं हलकं वाटत नाही. आबांनी तेच केलं. पण कर्तव्य म्हणून केलेली गोष्ट आणि तुरुंगाच्या भीतीने करावी लागलेली गोष्ट यांत अंतर आहे. शिवाय त्या बैलाने पिकवलेली ज्वारी आणि तूर एकट्या आबांच्या घराने खाल्ली नाही. बैल मारू नये ही साऱ्या समाजाची इच्छा असेल, आणि विधिमंडळाने ती समाजाची इच्छा म्हणूनच कायद्यात घातली असेल, तर तिचा खर्च चार एकरवाल्याच्या एकट्याच्या कडब्यातून का निघावा?

सरकार पैसे देत नाही असं नाही. ते कुठे जातात हा प्रश्न आहे. २०१७ पासून ‘गोवर्धन गोवंश सेवा केंद्र’ योजनेतून संस्थांना शेड, पाणी, चारा यांसाठी अनुदान देण्याचं धोरण आहे. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं, आणि गोशाळांतल्या देशी गाईंच्या परिपोषणासाठी दिवसाला प्रत्येकी पन्नास रुपये देण्याचा निर्णय घेतला. पन्नास रुपये रोज म्हणजे वर्षाला १८ हजार २५०. आबांच्या वहीतला चाऱ्याचा आकडाही जवळपास हाच आहे. म्हणजे एका जनावराला काय लागतं हे सरकारला बरोबर कळलेलं आहे. फक्त तो पैसा संस्थेच्या दारात जातो, ज्याने बैल आपल्या गोठ्यात ठेवला त्याच्या दारात नाही.

माझी मागणी एवढीच आहे. हेच पन्नास रुपये म्हाताऱ्या बैलाच्या मालकाच्या खात्यात, तो बैल त्याच्याच गोठ्यात असेपर्यंत, दरमहा जमा करा. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आता खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला सक्तीचा आहे, त्या क्रमांकापुढे सरकारी नोंदीत मालकाचं नाव आणि जनावराचं वय असतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरने दात, खुर आणि सांधे तपासून बैल कामातून गेल्याचा दाखला द्यायचा. १९७६ च्या कायद्यात असाच दाखला कत्तलीसाठी दिला जायचा, तो आता पेन्शनसाठी द्यायचा. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, बैल मेला की पंचनामा आणि हप्ता बंद. पडलेल्या बैलासाठी गावात लोखंडी घोडी आणि पट्टे ठेवायचे, म्हणजे दोन माणसांनाही त्याला उभा करता येईल.

यात खोटे दाखले निघतील, मेलेल्या बैलाच्या नावाने हप्ते उचलले जातील, हे मला कळतं. गोशाळांच्या अनुदानातही खोटी शिरगणती होऊ शकते. एका गोठ्यातला एक बैल गावच्या डोळ्यांसमोर उभा असतो, तिथे फसवणं उलट अवघड आहे. आणि घरच्या गोठ्यात बैलाचे हालही कमी. त्याला ती गव्हाण, तो हौद, ती माणसं माहीत असतात. म्हातारपणी तो नव्या कळपात गेला तर तरणी जनावरं त्याला ढुशा देऊन चाऱ्यापासून लांब ठेवतात. गोशाळा चालवणारे प्रामाणिक लोकही हे सांगतील.

राज्याला हा खर्च झेपत नसेल तर तसं उघडपणे सांगावं. मग मात्र बैलापुरती १९७६ ची व्यवस्था परत आणावी. दाखला, परवाना असलेली जागा, दिवसाउजेडी वाहतूक आणि शेतकऱ्याच्या हातात पावती. मला स्वतःला पहिला मार्ग हवा आहे. आबांनाही तोच हवा असणार. पण बैल विकायचा नाही, सोडायचा नाही, मारायचा नाही आणि पोसायला पैही द्यायची नाही, ही आजची अवस्था या दोन्ही मार्गांहून वाईट आहे. येत्या अधिवेशनात मराठवाड्यातल्या एखाद्या आमदाराने एवढा एक प्रश्न लेखी विचारावा: पन्नास रुपये गोशाळेला देता, ते गोठ्याला का देत नाही?